रिलीव्हिंग लेटर अडकले, तर नव्या कंपनीला काय सांगावे?

रिलीव्हिंग लेटर हे जुन्या कंपनीने नोकरी सोडणाऱ्याला दिलेले पानभराचे पत्र असते. अमुक कर्मचाऱ्याचा राजीनामा स्वीकारला आहे आणि अमुक तारखेला कामाची वेळ संपल्यावर त्याला सेवेतून मुक्त केले आहे, एवढाच मजकूर त्यात असतो. अनुभवपत्र वेगळे. त्यात कोणत्या पदावर किती वर्षे काम केले, हे सांगितलेले असते. काही कंपन्या दोन्ही मजकूर एकाच पत्रात देतात. नवी कंपनी रुजू होताना मागते ते मुख्यतः पहिले पत्र, आणि अनेक नेमणूकपत्रांत ते देण्याची अट स्पष्ट लिहिलेली असते.

हे पत्र मिळते सर्वांत शेवटी. आधी राजीनामा, मग त्याच्या स्वीकृतीचा मेल, नोटीस पिरियड, हातातले काम दुसऱ्याला सोपवणे, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करणे, प्रत्येक विभागाकडून 'नो ड्यूज' घेणे आणि फुल अँड फायनल हिशेब. यांपैकी एका जागी जरी वाद झाला, तरी पत्र थांबते. नवी कंपनी मात्र ते पहिल्याच दिवशी मागते. पेच इथेच पडतो.

पत्र का अडते?

बहुतेक वेळा कारण नोटीस पिरियडचे असते. करारात ६० किंवा ९० दिवसांची नोटीस असते आणि नवी कंपनी महिन्याभरात रुजू व्हायला सांगते. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटण्याची, म्हणजे बायआउटची, सोय करारात असली तरी ती मान्य करायची की नाही, आणि पैसे मूळ वेतनावर मोजायचे की एकूण पगारावर, यावर वाद होतो. दुसरे कारण बाँडचे. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी ठरावीक वर्षे राहण्याचे किंवा ठरलेली रक्कम भरण्याचे लेखी मान्य केलेले असते आणि कंपनी ती रक्कम मागते. तिसऱ्या प्रकारात पत्र द्यायला कोणी उरलेलेच नसते. कंपनी बंद पडलेली असते किंवा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असते.

कायद्याचा आधार इथे मर्यादित आहे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना नियमांत कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्र देण्याची तरतूद होती, पण ती कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्यांपुरती होती. खासगी क्षेत्रातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ठरावीक दिवसांत रिलीव्हिंग लेटर मिळालेच पाहिजे, असे सांगणारा सर्वांना लागू होणारा एकच नियम नाही. पगाराची गोष्ट निराळी. वेतन संहिता २०१९ मधल्या तरतुदीनुसार राजीनामा दिलेल्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. बाँडच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. त्यामुळे प्रत्येक बाँड आपोआप निरर्थक असतो, हा समज चुकीचा आहे.

जुन्या कंपनीविरुद्ध वकिलाची नोटीस पाठवता येते. कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्याला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रारही करता येते. पण या मार्गांना आठवडे किंवा महिने लागतात आणि रुजू होण्याची तारीख काही दिवसांवर आलेली असते. म्हणून तातडीचा प्रश्न नव्या कंपनीशीच सोडवावा लागतो.

नव्या कंपनीला नेमके काय हवे असते?

नव्या कंपनीचा एचआर विभाग या पत्रातून तीन गोष्टींची खात्री करून घेतो. ही व्यक्ती सांगते तेवढा काळ तिथे खरोखर नोकरीला होती का? ती नोकरी आता संपली आहे का, की दोन ठिकाणी एकाच वेळी नाव लागणार आहे? आणि जुन्या कंपनीचे काही घेणे किंवा वाद शिल्लक आहे का, ज्याची झळ उद्या आपल्याला लागेल? रिलीव्हिंग लेटर या तिन्ही प्रश्नांना एका कागदात उत्तर देते. ते नसेल तर ही उत्तरे वेगवेगळ्या कागदांतून द्यावी लागतात. सवलत मागणाऱ्या पत्राचे खरे काम हेच आहे. नुसते 'अडचण समजून घ्या' असे लिहिल्याने एचआरच्या हाती फाइलला जोडण्यासारखे काहीच येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे. नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेले बँकेचे विवरण आणि फॉर्म १६ यांतून नोकरी सिद्ध होते. बँकेचे विवरण देताना पगाराव्यतिरिक्तच्या नोंदी झाकून द्यायला हरकत नाही. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएन क्रमांकाखाली सेवेचा इतिहास दिसतो. त्यात कंपनीचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख असते. कंपनीने कापलेला आयकर २६एएस विवरणात दिसतो. या दोन नोंदींना जास्त वजन मिळते, कारण त्या उमेदवाराने केलेल्या नसतात आणि त्याला बदलताही येत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नासाठी राजीनाम्याचा मेल आणि त्याच्या स्वीकृतीचा मेल हे मुख्य पुरावे. अनेक कंपन्या रुजू होण्याच्या दिवशी स्वीकृतीच्या मेलवर काम चालवून घेतात आणि रिलीव्हिंग लेटर नंतर देण्याची मुभा देतात. स्वीकृती आलीच नसेल, तर राजीनामा पोहोचल्याचा पुरावा, लॅपटॉप परत केल्याची पोच आणि शेवटचा दिवस लिहिलेला स्वतःचा मेल जोडावा लागतो. त्यासाठी राजीनामा देतानाच आपला खासगी मेल पत्ता सीसीमध्ये ठेवणे महत्त्वाचे, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो. मागाहून ऑफिसचे मेल घाऊक स्वतःकडे पाठवले, तर गोपनीयतेचा वेगळाच आरोप येऊ शकतो.

ईपीएफओच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख सहसा जुनी कंपनी भरते. तिने ती भरली नाही, तर २०२० पासून सदस्याला स्वतःलाही भरता येते. पोर्टलवर Manage या भागात Mark Exit हा पर्याय असतो आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ही सोय नोकरी सोडून दोन महिने झाल्यावरच वापरता येते आणि शेवटची वर्गणी ज्या महिन्याची जमा झाली, त्या महिन्यातलीच तारीख टाकता येते. म्हणजे रुजू होण्याच्या दिवशी हा पुरावा हाताशी नसतो, पण साठ-सत्तर दिवसांनी नक्की देता येतो. सवलतीची मुदत मागताना हे गणित उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. त्याला उत्तर म्हणून करारातले नोटीसचे कलम, हिशेबाचा मेलव्यवहार आणि देणे चुकवण्याची लेखी तयारी दाखवावी लागते. वाद असेल तर तो किती रुपयांचा आहे, हे आकड्यात सांगितले पाहिजे. आकडा कळला की एचआरची भीती मोजता येण्याएवढी होते.

एक उदाहरण

समजा, पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत एक तरुणी तीन वर्षे टेस्टिंगचे काम करते आहे. तिचा महिन्याचा पगार ६०,००० रुपये, त्यात मूळ वेतन ३०,०००. नेमणूकपत्रात ६० दिवसांची नोटीस 'किंवा कमी पडलेल्या दिवसांचे मूळ वेतन' असे कलम आहे. तिने १ जूनला राजीनामा देऊन ३० जून हा शेवटचा दिवस कळवला. ३ जूनला मॅनेजरने राजीनामा स्वीकारल्याचा मेल केला आणि काम कोणाला सोपवायचे ते सांगितले. नव्या कंपनीत ७ जुलैला रुजू व्हायचे आहे. २४ जूनला जुन्या कंपनीच्या एचआरने कळवले की प्रकल्प अर्धवट असल्याने उरलेले ३० दिवस भरावेच लागतील, तोवर जूनचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर दोन्ही मिळणार नाही.

आता हिशेब पाहू. उरलेल्या ३० दिवसांपोटी कलमाप्रमाणे ३०,००० रुपये तिने द्यायचे आहेत. जूनचा ६०,००० रुपये पगार कंपनीने तिला द्यायचा आहे. कर आणि इतर वजावट बाजूला ठेवली, तर कंपनीकडूनच तिला ३०,००० रुपये येणे निघते. त्याच दिवशी ती जुन्या कंपनीला मेल करते की नोटीसची रक्कम जूनच्या पगारातून कापावी आणि ३० जूनपासून सेवामुक्त करावे. दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, ती नव्या कंपनीला लिहिते. बहुतेक कंपन्यांत असा मेल इंग्रजीत जातो, पण मजकुराचा क्रम तोच राहतो:

विषय: ७ जुलैला रुजू होताना रिलीव्हिंग लेटरऐवजी पर्यायी कागदपत्रे स्वीकारण्याबाबत

महोदया,

नेमणूकपत्रातील अटीनुसार रुजू होताना मला आधीच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर द्यायचे आहे. ते ७ जुलैपर्यंत मिळणार नाही असे मला काल समजले, म्हणून लगेच कळवत आहे.

मी १ जूनला राजीनामा दिला. तो ३ जूनला लेखी स्वीकारण्यात आला. ३० जून हा माझा शेवटचा दिवस आहे. करारात ६० दिवसांची नोटीस किंवा कमी पडलेल्या दिवसांचे मूळ वेतन असा पर्याय आहे. उरलेल्या ३० दिवसांचे ३०,००० रुपये माझ्या जूनच्या पगारातून कापावेत, असे मी कंपनीला लेखी कळवले आहे. मात्र मी पूर्ण ६० दिवस काम केल्याखेरीज पत्र देता येणार नाही, अशी कंपनीची भूमिका आहे.

सोबत नेमणूकपत्रातील नोटीसचे कलम, राजीनामा व त्याची स्वीकृती, कालचा मेलव्यवहार, तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि यूएएनचा सेवा-इतिहास जोडला आहे. कंपनीचे साहित्य परत केल्याची पोच ३० जूनला पाठवेन.

माझी विनंती अशी की, या कागदपत्रांवर मला ७ जुलैला रुजू होऊ द्यावे आणि रिलीव्हिंग लेटरसाठी १५ सप्टेंबरपर्यंत मुदत द्यावी. तोवर पत्र मिळाले नाही, तर ईपीएफओच्या नोंदीतील नोकरी सोडल्याची तारीख त्याऐवजी ग्राह्य धरावी. १ जुलैपासून माझी अन्य कोठेही नोकरी नसल्याचे आणि आधीच्या कंपनीशी असलेला हिशेब मी स्वतः मिटवणार असल्याचे हमीपत्र देण्यास मी तयार आहे.

पार्श्वभूमी पडताळणीत 'निर्गमन प्रक्रिया अपूर्ण' असे उत्तर येण्याची शक्यता आहे. त्याचे कारण वर दिले आहे. आपला निर्णय ३० जूनपर्यंत मेलने कळवावा, ही विनंती.

या पत्रात काय साधले आहे?

पहिली गोष्ट वेळेची. रुजू होण्याला बारा दिवस बाकी असताना बातमी दिली, तर एचआरला वरिष्ठांची मंजुरी घ्यायला अवधी मिळतो. हीच गोष्ट ७ जुलैच्या सकाळी सांगितली, तर ती लपवल्यासारखी दिसते आणि समोरच्या कर्मचाऱ्याला नियमावर बोट ठेवण्याखेरीज काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट, मागणी अट रद्द करण्याची नाही. आज पर्यायी कागद, ठरावीक मुदत आणि मुदत टळली तर काय ग्राह्य धरायचे, असे तीन भाग तिच्यात आहेत. १५ सप्टेंबर ही तारीखही मोजून घेतलेली आहे. ३० जूननंतर दोन महिन्यांनी म्हणजे ऑगस्टअखेर ईपीएफओच्या नोंदीत तारीख भरता येते आणि पुढचे दोन आठवडे अडचण आल्यास हाताशी राहतात.

तिसरी गोष्ट जुन्या कंपनीबद्दलच्या भाषेची. तिची भूमिका एका वाक्यात, तक्रार न करता सांगितली आहे. मॅनेजर सूड घेतो आहे, असे लिहिले तर ते कितीही खरे असले तरी वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही. तारखा, कलम आणि रक्कम तपासता येतात.

चौथी गोष्ट पडताळणीचा इशारा. हे काम बहुधा बाहेरच्या संस्थेकडे असते. ती जुन्या कंपनीला मेल करून तारखा, पद, सोडण्याचे कारण आणि थकबाकी विचारते आणि उत्तर जसेच्या तसे अहवालात उतरवते. सवलत देण्याचा अधिकार या संस्थेला नसतो. अहवालात प्रतिकूल शेरा आला, की तो आधी कळवलेला होता का, एवढेच नवी कंपनी पाहते. म्हणून हे पत्र भरती करणाऱ्या अधिकाऱ्याबरोबरच रुजू करून घेणाऱ्या एचआर विभागालाही पाठवावे. भरती अधिकाऱ्याने फोनवर 'चालेल' म्हटले, तरी फाइलमध्ये मंजुरी नसेल तर पुढे ते कुणाला आठवत नाही. मंजुरी मेलवरच हवी.

हमीपत्रावर सही करताना

नवी कंपनी तयार झाली, तर बहुधा स्वतःच्या नमुन्यात हमीपत्र मागते. दुसरीकडे नोकरी नाही, दिलेली कागदपत्रे खरी आहेत आणि जुन्या कंपनीचे देणे निघाल्यास ते आपण भरू, एवढे लिहून देण्यात गैर नाही. पण जुन्या कंपनीमुळे नव्या कंपनीला होणारे कोणतेही नुकसान कर्मचारी अमर्याद भरून देईल, असे वाक्य असेल तर ते मर्यादित करून मागावे. मुदतीत पत्र न आल्यास नोकरी आपोआप संपेल, अशी अट असेल, तर पर्यायी पुरावाही ग्राह्य धरला जाईल, हे त्यातच लिहून घ्यावे.

कंपनी बंद पडली असेल तर

इथे वाद नसतो. पत्र देणारेच नाही, एवढे दाखवायचे असते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकल्यावर तिची सद्यस्थिती दिसते. नोंदणी रद्द झाली आहे किंवा दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू आहे, हे तिथे कळते. त्या पानाची प्रत पगारपावत्या आणि ईपीएफओच्या नोंदीसह जोडावी. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू असेल, तर कंपनीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे सेवेच्या दाखल्यासाठी लेखी अर्ज करता येतो. दाखला मिळाला नाही तरी अर्जाची प्रत प्रयत्नाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

जे करू नये

बनावट रिलीव्हिंग लेटर विकत मिळते, आणि अडलेला माणूस त्या मोहात पडतो. पण पडताळणी करणारी संस्था जुन्या कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर मेल करते, तेव्हा बनावट पत्र उघडे पडते. पडताळणीचा अहवाल कधी कधी रुजू झाल्यानंतर काही आठवड्यांनी येतो, म्हणजे हातात आलेली नोकरी तेव्हा जाते. बनावट दस्तऐवज वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. पत्र न मिळणे ही समजावून सांगता येणारी अडचण आहे. बनावट पत्राला कोणतेही स्पष्टीकरण पुरत नाही.

ती नोकरी बायोडेटातून वगळणे हाही तोटाच. यूएएन एकच असल्याने सेवेच्या इतिहासातून जुनी नोकरी पडताळणीत उघड होऊ शकते, आणि न सांगितलेली नोकरी म्हणजे काहीतरी लपवले, असाच अर्थ लावला जातो.

सवलत कुठे मिळत नाही?

सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकऱ्यांत आधीच्या संस्थेचा कार्यमुक्तीचा आदेश सहसा सक्तीचा असतो. तिथे पर्यायी कागदांची विनंती फारशी चालत नाही. त्यापेक्षा रुजू होण्याची मुदत वाढवून मागणे शहाणपणाचे. बँका आणि आयटी सेवा कंपन्यांतही हात बांधलेले असू शकतात, कारण तिथे पडताळणीचे निकष कधी कधी ग्राहक कंपनीने करारात घातलेले असतात. अशा वेळी नव्या कंपनीला थेट विचारावे की अट तिची स्वतःची आहे की ग्राहकाची. ग्राहकाची असेल, तर दुसऱ्या प्रकल्पावर रुजू करून घेता येईल का, हा पुढचा प्रश्न.

नव्या कंपनीने स्पष्ट नकार दिला, तर दोनच मार्ग उरतात. रुजू तारीख पुढे ढकलून घेऊन जुन्या कंपनीत उरलेले दिवस भरणे, किंवा तिने मागितलेली रक्कम लेखी हरकत नोंदवून भरणे आणि पत्र घेऊन वाद नंतर चालवणे. वरच्या उदाहरणात जुनी कंपनी पैशांवर अडलेली नाही, तिला काम हवे आहे. म्हणून त्या तरुणीने नव्या कंपनीकडे महिन्याभराची मुदतवाढ मागणे जास्त व्यवहार्य. पैशांवर अडलेल्या कंपनीच्या बाबतीत दुसरा मार्ग लवकर सुटका करतो. मात्र पैसे भरण्याआधी, रक्कम मिळाल्यावर किती दिवसांत पत्र देणार, हे कंपनीकडून मेलवर घ्यावे.

सवलत मिळून नोकरी सुरू झाल्यावरही जुन्या कंपनीकडे पत्राची मागणी दर दोन-तीन आठवड्यांनी लेखी करत राहावी. दोन महिने होताच ईपीएफओच्या नोंदीत तारीख भरून त्या पानाची प्रत ठरल्या मुदतीआधी नव्या एचआरला द्यावी आणि हे प्रकरण पूर्ण झाल्याचे उत्तर मागून घ्यावे. काही कंपन्या शेवटच्याच नव्हे, तर आधीच्या सर्व नोकऱ्यांची पत्रे मागतात. त्यामुळे राजीनामा, स्वीकृती, हिशेब, मागणीचे मेल आणि नव्या कंपनीची मंजुरी ही सगळी फाइल पुढच्या नोकरीबदलापर्यंत जपून ठेवावी लागते.